शून्यच चुकलं तर? गढूळपणा मोजणारं नेफेलोमीटर आणि फॉर्मॅझिनचं स्टँडर्ड

घोडबंदर रोडवरच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी काका आमच्या लॅबमध्ये दोन रिपोर्ट घेऊन आले. दोन्ही नमुने एकाच दिवशी, जमिनीखालच्या टाकीच्या एकाच नळातून, एकापाठोपाठ भरलेले. आमच्या रिपोर्टात टर्बिडिटी, म्हणजे पाण्याचा गढूळपणा, 1.2 एनटीयू, दुसऱ्या लॅबच्या रिपोर्टात 0.9. "मॅडम, पाणी एक, नळ एक, मग आकडे दोन कसे?" काकांचा प्रश्न रास्त होता, कारण मधल्या त्या 0.3 मध्ये पास-नापासची रेघ येते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस 10500, टर्बिडिटीची स्वीकार्य मर्यादा 1 एनटीयू ठेवतं. दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर 5 पर्यंत सूट आहे. म्हणजे एका कागदावर टाकी पास आणि दुसऱ्यावर नापास. टँकरवाल्याशी भांडायचं की टाकी धुवायची, हे ठरवायला कमिटी बसलेली.

दोन्ही आकडे कुठून आले हे समजायला आधी यंत्र काय करतं ते बघू.

गढूळ पाण्यात माती, शेवाळ, गंजाचे कण असं काहीबाही तरंगत असतं. पावसाळ्यात रात्री गायमुखच्या घाटातून गाडी नेली असेल तर हेडलाइटचा झोत धुक्यातून जाताना बाजूने उजळलेला दिसतो. प्रकाश खरं तर सरळ पुढे चाललेला असतो, पण प्रत्येक थेंब त्यातला थोडा बाजूला फेकतो. नेफेलोमीटर नेमका हाच बाजूला फेकलेला प्रकाश मोजतं. काचेच्या सेलमध्ये पाणी भरायचं, खालून किंवा एका बाजूने दिव्याचा झोत सोडायचा आणि त्या झोताशी काटकोनात, म्हणजे 90 अंशांवर, डिटेक्टर ठेवायचा. पाणी अगदी निर्मळ असेल तर डिटेक्टरला जवळजवळ अंधारच दिसतो. कण वाढले की उजेड वाढतो.

आरपार जाणारा प्रकाश किती कमी झाला, असंही मोजता आलं असतं. पण नळाच्या पाण्यात कण इतके थोडे असतात की आरपार जाणाऱ्या भरपूर प्रकाशातली ती किंचित घट पकडणं अवघड जातं. अंधारात उमटलेला थोडा उजेड मात्र सहज पकडता येतो. म्हणून स्वच्छ पाण्यासाठी काटकोनाची पद्धत.

आता खरी अडचण. डिटेक्टरला कळतो तो फक्त उजेड. त्याला एनटीयू कुठून कळणार? एनटीयू म्हणजे लिटरमागे अमुक मिलिग्रॅम माती, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. समान वजनाची बारीक चिकणमाती आणि जाड वाळू वेगवेगळ्या बाटल्यांत पाण्यात मिसळली तर चिकणमाती कितीतरी जास्त प्रकाश विखुरते, आणि वाळू तर आकडा वाचेपर्यंत तळाला जाते. कणाचा आकार, रूप, रंग सगळ्याचाच विखुरण्यावर परिणाम होतो. त्यामुळे वजनाने एकक ठरवता येत नाही. एखादं ठरावीक गढूळ द्रव घ्यायचं, त्याच्या गढूळपणाला ठरावीक आकडा द्यायचा आणि बाकी सगळं त्याच्याशी ताडून बघायचं, एवढाच मार्ग उरतो. ते द्रव म्हणजे फॉर्मॅझिन.

फॉर्मॅझिनच का? कारण ते कुठेही, कोणालाही, जवळपास हुबेहूब तसंच पुन्हा बनवता येतं. माती गाळून, दळून स्टँडर्ड केलं तर ठाण्याची माती वेगळी आणि पनवेलची वेगळी. फॉर्मॅझिन दोन शुद्ध रसायनांच्या वजनी द्रावणांतून तयार होतं. कण लहान-मोठे मिळून येतात, पण दर वेळी ती मिसळ साधारण सारखीच असते. खऱ्या पाण्यातही कण एकाच मापाचे नसतातच, त्यामुळे ही मिसळ पथ्यावरच पडते.

स्टॉक कसा बनतो

एक ग्रॅम हायड्राझिन सल्फेट नेमकं तोलून पाण्यात विरघळवायचं आणि 100 मिलीच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरायचं. दुसऱ्या फ्लास्कमध्ये 10 ग्रॅम हेक्सामाइन तसंच 100 मिलीपर्यंत. हायड्राझिन सल्फेट विरघळायला वेळ लावतं. तळाला खडे दिसत असताना घाईने खुणेपर्यंत भरून टाकू नये. मग तिसऱ्या, 100 मिलीच्याच कोरड्या फ्लास्कमध्ये दोन्हीचे पाच-पाच मिली पिपेटने घ्यायचे, हलवून मिसळायचे आणि 25 अंश सेल्सिअसला, फार तर तीन अंश इकडेतिकडे, 24 तास अजिबात न हलवता ठेवायचं.

फ्लास्क ठेवताना आत दोन रंगहीन द्रावणं मिसळलेलं, पाण्यासारखं दिसणारं काहीतरी असतं. पहिल्यांदा बनवणाऱ्याला वाटतं, चुकलं बहुतेक. मग द्रवात निळसर झाक येते, पुढे ते ताकासारखं होतं आणि दुसऱ्या दिवशी दुधासारखं पांढरं. आत घडतं ते असं: हेक्सामाइन आम्लयुक्त द्रावणात हळूहळू फुटून फॉर्माल्डिहाइड सोडतं आणि ते हायड्राझिनशी जोडलं जाऊन न विरघळणारा पॉलिमर बनतो. हेक्सामाइनच्या या सावकाश फुटण्यामुळेच कण दर वेळी सारखे येतात. म्हणूनच तापमानाची अट आहे. आमच्याकडे टीटीसीच्या औद्योगिक पट्ट्यात मे महिन्यात संध्याकाळी एसी बंद झाला की लॅब तिशीच्या वर जाते. अशा रात्री टेबलावर ठेवलेल्या फ्लास्कवर माझा भरवसा नसतो. इन्क्युबेटर 25 ला लावून त्यात ठेवलेला बरा.

24 तासांनी त्या 10 मिलीत पाणी घालून 100 मिलीची खूण गाठली की 400 एनटीयूचा स्टॉक तयार. पाणी न घालता तसंच ठेवलं तर ते 4000 एनटीयूचं, आणि तपकिरी बाटलीत, अंधारात ते बराच जास्त काळ टिकतं. 400 चा स्टॉक महिन्याला नवा करावा. त्यातून पातळ केलेली रोजच्या वापराची स्टँडर्ड तर त्याच दिवशी करून त्याच दिवशी वापरावीत, कारण पातळ झालं की कण एकमेकांना चिकटतात, तळाला बसतात आणि बाटलीवरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

एक गोष्ट गंभीरपणे सांगते. हायड्राझिन सल्फेट विषारी आहे आणि कर्करोगकारक मानलं जातं. तोलताना पूड उडू द्यायची नाही, हातमोजे घालायचे, काम फ्यूमहूडमध्ये करायचं. उरलेला स्टॉक सिंकमध्ये ओतायचा नाही, घातक कचऱ्याच्या डब्यात साठवून तळोज्याच्या विल्हेवाट केंद्राकडे पाठवायचा. हा व्याप नको म्हणून अनेक लॅब 4000 एनटीयूचं तयार फॉर्मॅझिन विकत घेतात. मलाही तेच पटतं. सीलबंद सेलमधली पॉलिमर मण्यांची स्टँडर्डही मिळतात. ती टिकाऊ असतात, पण त्यांच्यावरचा आकडा ठरावीक मॉडेलच्या यंत्रापुरताच खरा असतो, कारण मण्यांचं माप फॉर्मॅझिनहून वेगळं असतं. शेजारच्या लॅबकडून उसनी आणून दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात घालण्याची ती वस्तू नव्हे.

पातळ करण्याचा हिशेब सोपा आहे. 400 च्या स्टॉकचे 10 मिली घेऊन 100 मिली केले की 40 एनटीयू. त्या 40 चे 2.5 मिली घेऊन 100 मिली केले की 1 एनटीयू. 400 वरून एकदम 1 वर उडी मारायची तर पाव मिली मोजावं लागेल, आणि तेवढ्याशा मापात पिपेटच्या टोकाला राहिलेला थेंबही मोठी चूक ठरतो. म्हणून दोन पायऱ्या. पिपेट घालण्याआधी स्टॉकची बाटली सावकाश उलटीपालटी करून तळाचे कण वर आणायचे. जोरात हलवायची नाही, नाहीतर बुडबुडे येतात आणि बुडबुडाही कणासारखाच प्रकाश विखुरतो.

हिशेबात न धरलेलं पाणी

आता काकांच्या 0.3 कडे येऊ. वरच्या हिशेबात आपण फक्त फॉर्मॅझिन मोजलं. 1 एनटीयूच्या फ्लास्कमध्ये 2.5 मिली स्टँडर्ड आणि 97.5 मिली पाणी आहे. त्या पाण्याची स्वतःची टर्बिडिटी आपण मनातल्या मनात शून्य धरली. ती शून्य असते का?

दुसऱ्या लॅबमधला केमिस्ट ओळखीचा होता. फोन केला, तर तो मोकळेपणाने बोलला. त्यांचं यंत्र आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी असतं तसं, दोन बटणांचं. डिस्टिल्ड वॉटर घालून 'सेट झीरो' करायचं, मग 40 चं स्टँडर्ड घालून दुसऱ्या बटणाने आकडा 40 वर आणायचा. नंतर खात्रीसाठी 1 एनटीयूचं स्टँडर्ड घालून बघायचं. "ताई, आमचं एकचं स्टँडर्ड बरोब्बर 1.00 दाखवतं. रोजच्या वहीत नोंद आहे." मी त्याला म्हटलं, ज्या पाण्याने झीरो करतोस त्यातलं थोडं बाटलीत घेऊन ये.

ते प्लॅस्टिकच्या कॅनमधलं डिस्टिल्ड वॉटर होतं, न गाळलेलं. कॅन बरेच दिवस उघडझाप होत वापरात. डोळ्यांना अगदी लख्ख. आमच्या यंत्रात ते 0.3 एनटीयू आलं.

पुढचा हिशेब कागदावर मांडून बघण्यासारखा आहे. पाणी 0.3 चं असताना यंत्राला सांगितलं की हे शून्य. झालं, यंत्र आता प्रत्येक आकड्यातून 0.3 वजा करणार. 40 च्या स्टँडर्डमध्ये याच पाण्याचे 90 मिली, म्हणजे ते खरं तर सुमारे 40.27. त्यातून 0.3 गेले, उरले 39.97. बटण जेमतेम हलवावं लागलं. आता खात्रीचं 1 एनटीयू. त्यात फॉर्मॅझिनकडून 1 आणि 97.5 मिली पाण्याकडून 0.29, मिळून 1.3 च्या आसपास. यंत्राने 0.3 वजा केले. पडद्यावर 1.00.

सगळं जुळलं. जुळणारच होतं, कारण झीरोसाठीही तेच पाणी आणि स्टँडर्डसाठीही तेच पाणी. चूक दोन्हीकडे सारखी असल्यामुळे ती स्वतःलाच झाकत होती, आणि वहीतला रोजचा 1.00 हा पुरावा न राहता पांघरूण बनला होता. सोसायटीच्या टाकीतल्या पाण्यात मात्र त्या कॅनमधलं पाणी नव्हतं. तिथलं 1.2 हे खरं 1.2 होतं. त्यातूनही 0.3 वजा झाले आणि रिपोर्टवर 0.9 छापलं गेलं.

ही चूक मला इतर चुकांपेक्षा जास्त खटकते, त्याचं कारण तिची दिशा. सेलवर बोटांचे ठसे असले, ओरखडा असला, आत बुडबुडे असले, पावसाळ्यात फ्रिजमधून काढलेल्या गार नमुन्यामुळे काचेवर बाहेरून दव धरलं असलं, तर नमुन्याचा आकडा वाढतो. वाढलेला आकडा लगेच डोळ्यांत भरतो. केमिस्ट सेल पुसतो, पुन्हा मोजतो, शंका फिटते. गढूळ पाण्यावर लावलेला झीरो आकडा कमी करतो, तोही सगळ्याच नमुन्यांचा, रोज. आणि पास झालेल्या नमुन्याबद्दल तक्रार घेऊन कोण येतं? पाणी गढूळ असलं की क्लोरीनचा बराचसा भाग कणांवरच खर्च होतो आणि त्यांच्या आडोशाने जंतू वाचतात, म्हणून तर ही मर्यादा आहे. तिच्या अलीकडे खोटं पास होणं हे पलीकडे खोटं नापास होण्यापेक्षा वाईट.

जास्त आकड्यांवर ही चूक दिसतही नाही. ऐन जुलैत उल्हास नदीचं कच्चं पाणी मोजायला घेतलं तर शंभरात 0.3 कुठेच हरवून जातं. म्हणून एखादं यंत्र कच्च्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं नीट चाललं, म्हणून ते नळाच्या पाण्यासाठीही नीट चालेल असं धरून चालत नाही.

मग पकडायची कशी? सोपी खूण अशी: शून्य लावून झाल्यावर त्याहून स्वच्छ पाणी यंत्राला दाखवायचं. डिस्टिल्ड वॉटर 0.2 मायक्रॉनच्या मेम्ब्रेन फिल्टरमधून गाळायचं. पहिलं साधारण 200 मिली फेकून द्यायचं, कारण त्यात फिल्टरवरचेच धागे आणि धूळ धुऊन येते. पुढचं पाणी त्याच गाळलेल्या पाण्याने विसळलेल्या काचेच्या बाटलीत घ्यायचं. ते सेलमध्ये घातल्यावर पडद्यावर शून्याच्या खालचा, उणे आकडा आला तर समजायचं, आपलं शून्य शून्यावर नव्हतंच. काही यंत्रं उणे आकडा दाखवत नाहीत, नुसतं 0.0 दाखवून गप्प बसतात. तिथे उलटं करायचं. गाळलेल्या पाण्यावर झीरो लावायचा आणि मग कॅनमधलं पाणी घालायचं. जो आकडा येईल तेवढीच रोजची चूक.

फिल्टर हाताशी नसेल तर आणखी एक वाट आहे, फक्त त्यासाठी यंत्राचा झीरो कॅनमधल्या पाण्यावर लावलेला नसावा. त्याच पाण्यात 1, 2 आणि 3 एनटीयूची स्टँडर्ड करायची आणि तिन्ही वाचायची. 1.3, 2.3, 3.3 अशी मालिका आली, म्हणजे एकेकाच्या पायरीने आकडा चढतोय पण सुरुवातच 0.3 वरून होतेय, तर फॉर्मॅझिन बरोबर आहे आणि जास्तीचे 0.3 पाण्याचे. पायरीच एकाऐवजी 0.8 ची आली तर मात्र पाण्याला दोष देता येणार नाही. मग स्टॉक जुना झालाय, नीट न ढवळता घेतलाय किंवा पिपेट चुकलीय.

त्या केमिस्टने आमच्याकडूनच गाळलेलं पाणी नेलं. त्याच्या यंत्रावर ते घातल्यावर पडद्यावर उणे 0.28 आलं. संध्याकाळी फोटो पाठवला, सोबत एक शब्दही नाही.

सेल हाताळणं

बाकी पथ्यं थोडक्यात. सेल नेहमी वरून, झाकणापाशी धरायची. प्रकाश जातो त्या भागाला बोट लागू द्यायचं नाही. नमुना भरण्याआधी त्याच पाण्याने दोनदा विसळायची. काचेवरचे बारीक ओरखडे झाकायला सिलिकॉन ऑइलचा एकच थेंब मऊ कापडाने पसरून जवळजवळ पुसूनच टाकायचा. तेल काचेवर चकाकताना दिसलं तर ते जास्त झालंय. सेलवरची खूण यंत्रावरच्या खुणेसमोरच आणायची, कारण काच सगळीकडे सारखी नसते आणि तीच सेल थोडी फिरवली तरी कमी टर्बिडिटीवर आकडा हलतो. गार नमुना खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचा आणि बाटली सावकाश उलटीपालटी करून लगेच मोजायचा. तळाला बसलेली माती वरच्या निवळ पाण्यात मोजली जात नाही, हे लक्षात न घेता कित्येक नमुने पास होतात.

दुसऱ्या दिवशी काकांनी त्याच नळाचं नवं पाणी दोन्हीकडे दिलं. त्या लॅबने गाळलेल्या पाण्यावर झीरो लावून मोजलं, 1.2 आलं. आमच्याकडे 1.1. काका पुन्हा बोट ठेवून म्हणाले, "अजून 0.1 चा फरक आहेच की." तो फरक मात्र मी त्यांना सोडून द्यायला सांगितलं. त्या लॅबच्या यंत्रात टंगस्टनचा पांढरा दिवा आहे आणि आमच्यात 860 नॅनोमीटरचा इन्फ्रारेड एलईडी. लहान लहरींचा प्रकाश बारीक कणांवरून जास्त विखुरतो, म्हणून दोन्ही यंत्रं एकाच फॉर्मॅझिनवर लावलेली असली तरी खऱ्या पाण्यात थोडा फरक पडतो. काटेकोर बोलायचं तर इन्फ्रारेडवाल्या आकड्याला एनटीयू न म्हणता एफएनयू म्हणतात. शिवाय अमेरिकेच्या ईपीए 180.1 या पद्धतीत तर नियमच आहे की 1 एनटीयूपर्यंतचा आकडा 0.05 च्या पटीत आणि 1 ते 10 मधला 0.1 च्या पटीत लिहावा. त्याहून बारीक आकडा पडद्यावर दिसला तरी रिपोर्टात उतरवू नये.

दोन्ही आकडे आता रेषेच्या एकाच बाजूला होते. कमिटीने टँकरवाल्याचं पुढच्या बैठकीवर ढकललं आणि टाकी धुवायला माणसं बोलावली.